बुधवारी उच्चारलेला ‘पुढचा शुक्रवार’

आज बुधवार, १० जून २०२६ आहे असं धरू. कोणीतरी म्हणालं, “पुढच्या शुक्रवारी भेटू.” ही भेट १२ तारखेला की १९ तारखेला? चार जणांत प्रश्न टाकून बघा, दोन तट पडतात. आणि दोन्ही तटांना आपलं उत्तर इतकं उघड वाटतं, की समोरच्याला साधं मराठी कळतं की नाही अशी शंका यायला लागते. “पुढचा म्हणजे आता पुढे येणारा, यात न कळण्यासारखं काय आहे?” असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, “अरे, तो तर हा शुक्रवार. पुढचा म्हणजे त्याच्यानंतरचा.” मग शब्दकोश काढले जातात, कोणीतरी आपल्या शाळेतल्या बाईंचा दाखला देतं, आणि शेवटी आवाज मोठा असेल त्याचं खरं ठरतं.

माझं म्हणणं असं आहे की हा वाद जिंकण्यासारखा नाहीच. दोन्ही अर्थ भाषेत रीतसर रुजलेले आहेत, त्यामुळे ‘बरोबर अर्थ’ शोधत बसण्यात हशील नाही. गोंधळ झाला तर तो ऐकणाऱ्याच्या माथी मारायचा नाही, तो बोलणाऱ्याचा, आणि लेखी सूचना असेल तर लिहिणाऱ्याचा. शाळा, दवाखाने, कार्यालयं, सोसायट्या यांनी आपल्या सूचनांमधून ‘या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ हे दोन्ही शब्दप्रयोग सरळ काढून टाकावेत. हे थोडं टोकाचं वाटेल, म्हणून कारणं नीट मांडतो.

दोन्ही अर्थ रुजलेले आहेत, कारण आपण वार दोन तऱ्हेने मोजतो. पहिली तऱ्हा रांगेची. शुक्रवार एकामागून एक येत असतात, मी आज जिथे उभा आहे तिथून पुढे पाहिलं की जो पहिला दिसेल तो पुढचा. या हिशेबाने पुढचा शुक्रवार १२ तारखेचा. दुसरी तऱ्हा आठवड्याची. इथे वार सुटे नसतात, प्रत्येक वार आपापल्या आठवड्यात बसलेला असतो. चालू आठवड्याचा शुक्रवार तो ‘हा’, आणि पुढच्या आठवड्याचा तो ‘पुढचा’. या हिशेबाने १९ तारीख. एकच माणूस दोन्ही तऱ्हा वापरतो, हे विशेष. ‘पुढचं वळण’, ‘पुढचं स्टेशन’ म्हणताना आपण रांग धरतो. ‘पुढच्या महिन्याची पाच तारीख’ म्हणताना महिना धरतो. १ तारखेला उभं राहून चार दिवसांनी येणाऱ्या ५ तारखेला कोणी ‘पुढच्या महिन्याची पाच’ म्हणत नाही. वार या दोन्हींच्या मधे अडकलेला आहे. तो रांगेतही उभा असतो आणि आठवड्यातही बसलेला असतो.

हा तिढा सगळ्याच दिवशी पडत नाही. शुक्रवारी बोललं, तर आजचा तो हा आणि सात दिवसांनी येणारा तो पुढचा, यावर दोन्ही हिशेबांचं एकमत होतं. शनिवारी बोललं, तर सहा दिवसांनी येणारा शुक्रवार रांगेतही पहिला आणि पुढच्या आठवड्यातलाही, पुन्हा एकमत. गुरुवारी हिशेब वेगळे पडतात खरे, पण उद्याच्या दिवसाला ‘पुढचा शुक्रवार’ म्हणणारा माणूस विरळा, त्याला ‘उद्या’ हा शब्द हाताशी असतो. रविवारचा आणखी एक फाटा आहे: आठवडा रविवारी सुरू होतो असं मानणाऱ्याला पाच दिवसांनी येणारा शुक्रवार ‘या आठवड्यातला’, आणि सोमवारी सुरू होतो असं मानणाऱ्याला तोच ‘पुढच्या आठवड्यातला’. छापील कॅलेंडरांत आणि फोनमधल्या कॅलेंडरांत दोन्ही मांडण्या दिसतात. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ आठवडा सोमवारी सुरू करतं, म्हणून काही घरोघरची सवय बदललेली नाही. उरले सोमवार, मंगळवार आणि बुधवार, म्हणजे खऱ्या गोंधळाचे दिवस.

त्यातही बुधवार चमत्कारिक. शुक्रवार जवळही आहे आणि लांबही. ‘उद्या’ म्हणण्याइतका तो जवळ नाही, पण मराठीत त्याला ‘परवा’ म्हणता येतं, आणि हा शब्द असल्यामुळेच ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक नकळत हिशेब सुरू होतो. याला परवा भेटायचं असतं तर हा ‘परवा’ म्हणाला असता. ज्या अर्थी याने ‘पुढच्या शुक्रवारी’ असा लांबचा शब्द वापरला, त्या अर्थी याच्या मनात त्यानंतरचा शुक्रवार असणार. हा तर्क वाजवी आहे. अडचण एवढीच, की बोलणाऱ्याने असा काही विचार केलेलाच नसतो. त्याच्या पुढ्यात कॅलेंडर उघडं होतं, त्यात ‘शुक्रवार’ लिहिलेलं होतं, म्हणून त्याच्या तोंडून ‘शुक्रवार’ आलं. ऐकणाऱ्याने न बोललेल्या शब्दावरून अर्थ काढला, आणि बोलणाऱ्याला तो शब्द सुचलाही नव्हता.

‘या शुक्रवारी’ त्या मानाने सोपं आहे. बुधवारी कोणी ‘या शुक्रवारी’ म्हणालं तर बहुतेक सगळे १२ तारीखच धरतात. ‘येत्या शुक्रवारी’ त्याहून पक्कं, कारण येता म्हणजे वाटेवर असलेला, आणि वाटेवर पहिला जो असेल तोच येता. म्हणजे या दोन शब्दांनी एकेकटं फारसं बिघडत नाही. बिघाड ‘पुढच्या’मध्ये आहे. पण एकदा ‘पुढचा’ संशयात आला की त्याची सावली ‘या’वरही पडते. ज्याच्या लेखी पुढचा म्हणजे १२ तारीख, त्याला ‘या शुक्रवारी’ हे वेगळं का म्हटलं असेल असा प्रश्न पडतो, आणि तो नसलेला फरक शोधायला लागतो.

आता एक प्रसंग बारकाईने पाहू. बुधवारी सकाळी एका कार्यालयात अहवालाची चर्चा चालली आहे. विभागप्रमुख बाई आदल्या संध्याकाळीच वरिष्ठांशी बोलल्या आहेत. त्यात ठरलं आहे की १२ तारखेच्या शुक्रवारी हिशेब तपासणीस येणार, म्हणून त्या दिवशी दुसरं काही नको. अहवाल त्यानंतरच्या शुक्रवारी. त्यांच्या मनात १२ तारखेची खुर्ची आधीच भरलेली आहे. म्हणून आपल्या सहकाऱ्यांना त्या सहज सांगतात, “अहवाल पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे.” त्यांच्या दृष्टीने वाक्य स्वच्छ आहे, पुढचा म्हणजे त्या भरलेल्या शुक्रवारच्या पुढचा. पण समोर बसलेल्या दोघांना तपासणीची गोष्ट माहीतच नाही. त्यांच्यासाठी १२ तारीख मोकळी आहे. एक जण १९ धरतो, दुसरी १२ धरते आणि घरी फोन करून दोन दिवस उशीर होईल म्हणून कळवते. दोघांनीही एकच वाक्य ऐकलं.

माझ्या मते गोंधळाचं खरं मूळ इथे आहे. ‘पुढचा’ हा शब्द कशाच्या तरी पुढचा असतो, आणि ते ‘कशाच्या’ बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या मनातच राहतं. ते एकदा बोलून दाखवलं की शब्द लगेच स्वच्छ होतो. “शुक्रवारची बैठक रद्द, आता पुढच्या शुक्रवारी” हे वाक्य ऐकून कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण पहिला शुक्रवार वाक्यातच आलेला आहे आणि पुढचा त्याच्या पुढचा. सगळी फसगत होते ती पहिला शुक्रवार न उच्चारता दुसऱ्यावर उडी मारल्यामुळे.

हा प्रकार केवळ मराठीचा नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालेला एक प्रयोग मानसशास्त्रात बराच गाजला. त्यात विचारलं होतं की बुधवारी होणारी बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ म्हणजे ‘पुढे’ नेली आहे, तर ती आता कोणत्या दिवशी? साधारण निम्मे लोक सोमवार म्हणाले आणि निम्मे शुक्रवार. २००२ साली लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांनी दाखवलं की विमान प्रवास करून नुकतेच उतरलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकतात. जो स्वतः पुढे सरकल्याच्या भावनेत असतो, तो काळातही पुढे सरकतो. मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती उशिरा, यात दुमत नसतं, तेवढे आपण सुखी. पण मुद्दा लागू पडतोच: एकच वाक्य ऐकून शहाणीसुरती माणसं दोन गटांत विभागली जातात, आणि कोणी कुठल्या गटात जाईल हे त्या क्षणी तो कुठे उभा आहे यावर ठरू शकतं. तेव्हा “लक्ष देऊन ऐकत जा” हा उपदेश इथे कामाचा नाही.

फ्रेंच लोकांनी यावर जुना तोडगा काढलेला आहे. ते ‘शुक्रवारी आठ’ अशा अर्थाचा प्रयोग करतात, म्हणजे येत्या शुक्रवारनंतर आठवड्याने येणारा शुक्रवार. जर्मनही ‘आठ दिवसांनी’ असंच म्हणतात, आणि आठ म्हणत असले तरी मोजतात सातच. आपलंही तेच आहे: ‘आठ दिवसांनी ये’ म्हटलं की माणूस त्याच वारी येतो, एक दिवस उशिरा येत नाही. पण मराठीत याहून सरस एक प्रयोग घराघरांत चालतो आणि त्याची कदर होत नाही: “हा शुक्रवार सोडून पुढचा.” यात पहिला शुक्रवार आधी उच्चारला जातो, मग बाजूला केला जातो, आणि मगच ‘पुढचा’ येतो. वर सांगितलेल्या दुखण्यावर हा अचूक इलाज आहे. तोंडी बोलताना तारीख आठवत नसेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. ‘पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी’ हेही बुधवारी निर्धोक आहे: आठवडा सोमवारपासून धरा, रविवारपासून धरा, नाहीतर शनिवारपासून, उत्तर १९च येतं. रविवारी मात्र हाच प्रयोग दगा देतो.

लेखी सूचनेत मात्र यातलं काहीच पुरत नाही. बोललेला शब्द बोलल्या क्षणी ऐकला जातो, लिहिलेला केव्हाही वाचला जातो. बुधवारी रात्री पावणेबाराला पाठवलेला “परवा या” हा निरोप गुरुवारी सकाळी वाचणाऱ्याला शनिवार सांगतो. सूचनाफलकावर डकवलेलं ‘या शुक्रवारी पाणी येणार नाही’ हे पुढच्या सोमवारीही तितक्याच ठामपणे तिथे लटकत असतं, आणि फिरत फिरत आलेल्या निरोपाला तर जन्मतारीखच नसते. लिहिताना वार आणि तारीख दोन्ही लिहावी: शुक्रवार, १९ जून. एवढंच.

दोन्ही का, हा प्रश्न रास्त आहे, कारण तारीख असताना वाराची गरज काय असं वाटू शकतं. पण वार आणि तारीख एकमेकांवर पहारा ठेवतात. तारखेत एका आकड्याची चूक झाली, १९ ऐवजी १८ लिहिलं गेलं, तर ‘शुक्रवार, १८ जून’ वाचणारा लगेच थबकतो, कारण त्या दिवशी गुरुवार आहे. दिवस आणि महिना उलटसुलट झाले तरी तेच. १२-६ हे कोणी ६ डिसेंबर असं वाचलं, तर त्या दिवशी २०२६ साली रविवार येतो, आणि शेजारी ‘शुक्रवार’ लिहिलेलं असलं की चूक बाहेर पडते. वार एकट्याने ज्या चुकीला कधीच पकडू शकत नाही ती बरोबर सात दिवसांची, कारण १२लाही शुक्रवार आणि १९लाही शुक्रवार. ‘या’ आणि ‘पुढच्या’ यांचा गोंधळ नेमका याच मापाचा असतो. म्हणून आठवडा सांगायला तारीख हवी, आणि तारीख तपासायला वार हवा.

यंत्राकडे न्याय मागण्यातही अर्थ नाही. लिनक्सवर वापरली जाणारी date ही आज्ञा घ्या. बुधवार, १० जूनला या दोन ओळी चालवल्या:

```
date -d "this friday" +%F
date -d "next friday" +%F
```

तर दोन्हींचं उत्तर 2026-06-12 येतं. म्हणजे हा प्रोग्राम रांगवाला निघाला. पण त्याच दोन ओळी शुक्रवारी चालवल्या तर पहिली त्याच दिवसाची तारीख देते आणि दुसरी सात दिवसांनंतरची. प्रोग्रामचं काही चुकलेलं नाही. कोणीतरी एक नियम निवडला आणि तो तिथे बसवला. फोनमध्ये बोलून किंवा टाइप करून आठवण लावणाऱ्यांनी शेवटी पडद्यावर कोणती तारीख उमटली हे पाहावं, आपण काय म्हणालो ते नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो: घरच्या माणसांशी बोलताना कोण तारखा सांगत बसतं? त्यात तथ्य आहे. बहुतेकांना आज कोणता वार आहे हे सांगता येतं, पण तारीख विचारली की नजर फोनकडे जाते. आपला दिनक्रम वारावर चालतो. कामाला कधी जायचं, क्लास कधी, सुट्टी कधी, हे सगळं वाराने बांधलेलं असतं. म्हणून घरात ‘परवा’ आणि ‘हा सोडून पुढचा’ पुरेसं आहे, आणि मी तिथे तारखांचा हट्ट धरत नाही. पण जिथे एकाहून जास्त माणसं आहेत, जिथे ऐकणारा परत विचारायला संकोचतो, डॉक्टरांपुढे, साहेबांपुढे, अनोळखी माणसापुढे, तिथे ‘घरगुती बोलणं’ ही सबब चालू नये. दवाखान्यातून “पुढच्या शुक्रवारी दाखवायला या” एवढं सांगून माणसाला बाहेर काढलं जातं तेव्हा तो दारात थांबून ‘म्हणजे कधी?’ असं क्वचितच विचारतो. कागदावर तारीख लिहायला त्या टेबलापाशी पाच सेकंद लागतात.

विचारायचं झालं तर कसं विचारावं, यातही एक मेख आहे. “म्हणजे शुक्रवारी ना?” या प्रश्नाला दोन्ही अर्थांचे लोक ‘हो’च म्हणतात. प्रश्न विचारल्याचं समाधान मिळतं, उलगडा काहीच होत नाही. “पुढच्या शुक्रवारी म्हणजे १९ ना?” हे बरं, पण घाईत असलेला माणूस आकडा न ऐकताच मान हलवतो. सगळ्यात चांगलं, “तारीख किती?” असं विचारून त्याच्याच तोंडून आकडा काढून घेणं. तो आकडा सांगायला त्याला कॅलेंडर बघावं लागतं, आणि बघताना पुष्कळदा त्याचं त्यालाच लक्षात येतं की आपल्या मनात नक्की काय होतं.

विचारण्याची सोयच नसेल, तर? निरोप आलाय, पाठवणारा फोन उचलत नाही, आणि आज बुधवार आहे. अशा वेळी ‘त्याला काय म्हणायचं असेल’ याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा कोणती चूक निस्तरता येईल ते पाहावं. भेट असेल किंवा कागद द्यायचा असेल, तर १२ तारीख धरावी. १२ला गेलात आणि खरी तारीख १९ असली, तर एक फेरी वाया जाते, पण खरी तारीख तिथे कळते आणि हातात आठवडा उरतो. १९ला गेलात आणि खरी तारीख १२ असली, तर करण्यासारखं काही उरत नाही. मात्र काम ‘पर्यंत’चं असेल तर हिशेब उलटा होतो. “पुढच्या शुक्रवारपर्यंत घराकडे लक्ष ठेवा” असं कोणी सांगून गेलं असेल, तर १९ धरावी, कारण आठवडाभर जास्त लक्ष ठेवल्याने कोणाचं नुकसान होत नाही. आणि कुठलीही बाजू स्वस्त नसेल, म्हणजे लांबचा प्रवास आहे, तिकीट परत होणार नाही, रजा एकदाच मिळणार आहे, तर अंदाजावर तिकीट काढू नये. उत्तर येईपर्यंत थांबावं, आणि रोज एकदा तोच दोन शब्दांचा निरोप पुन्हा पाठवावा: तारीख किती?